‘इन’ म्हणाली की ‘ॲट’

निपाणीत नवऱ्याचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. सकाळी शाळेत शिकवून आलं की जेवायचं, थोडं पडायचं आणि मग हा क्लास. येणाऱ्यांत नर्सिंगसाठी परदेशी जाऊ बघणाऱ्या मुली असतात, मुलांच्या शाळेतल्या मीटिंगची धास्ती घेतलेल्या आया असतात, हायवेवरच्या हॉटेलांत गिऱ्हाइकांशी बोलावं लागणारे असतात. कशासाठी शिकायचंय हे प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. मी विचारायच्या आधीच सांगतो.

सदलग्याच्या आप्पांनी मात्र सांगितलं नाही.

ते आले तेव्हा क्लास सुटत होता. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, टोपी, पासष्टीच्या पुढचं वय. जैन शेतकरी घरातले असावेत हे बोलण्यावरून आणि चपला काढून ठेवण्याच्या पद्धतीवरून कळत होतं. जिना चढून दम लागला होता, तरी बसायला सांगितलं तर बसले नाहीत.

“बाई, मला इंग्रजी शिकायचं न्हाय,” ते म्हणाले.

“मग?”

“कुठं आणि कधी, तेवढंच पायजे. इन, ऑन, ॲट. ही तीन शिकवा. बाकीचं ऱ्हाऊ दे.”

“बाकीचं आल्याशिवाय ही तीन कशी येतील, आप्पा?”

“येतील तेवढी येऊ देत.”

“पण कशासाठी पाहिजेत?”

“पायजेत,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

माझा स्वभाव मुळातच संशयी. माहेर खानापूर तालुक्यातलं. तिथं आमच्या बांधावर कुणी अनोळखी माणूस थांबला तर वडील आधी त्याच्या पायाकडं बघायचे, म्हणजे तो शेत मोजतोय की नुसता उभा आहे ते कळायचं. ती खोड माझ्यात उतरलीय. शिवाय त्याच्या आदल्याच वर्षी स्टँडजवळच्या दुसऱ्या एका क्लासवाल्यानं आपली भाची माझ्याकडं शिकायला म्हणून धाडली होती. ती माझ्या धड्यांचे फोटो काढून नेत होती. त्यामुळं हा म्हातारा कुणाकडून आलाय, हा विचार पहिल्यांदा मनात आला.

खाली दुकानात नवऱ्याला सांगितलं. तो वायरीचं बंडल सोडवत होता.

“नुसतं इन-ऑन-ॲट?” तो म्हणाला. “एवढं शिकून माणूस काय करणार?”

“तेच तर.”

“कोण कुठं आहे आणि कधी आहे, एवढंच त्याला कळणार.” त्यानं मान वर केली. “हा कुणावर तरी पाळत ठेवतोय.”

तो गमतीनं म्हणाला होता. मला रात्रभर ते वाक्य सोडेना.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा येऊ लागले. सदलग्याहून बसनं यायचे, सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या बाकावर बसायचे. वही आणायचे नाहीत. ऐकायचे. तोंडात पुटपुटायचे.

मी नेहमीसारखी वेळेपासून सुरुवात केली. घड्याळातला ठिपका दाखवता येतो तिथं ॲट. ॲट फाइव्ह ओ’क्लॉक. दिवसाचं किंवा तारखेचं नाव घेतलं की ऑन. ऑन मंडे. आणि लांबलचक काळ असेल, ज्याच्या पोटात आपण असतो, तिथं इन. इन मे. इन द मॉर्निंग. इथपर्यंत सगळ्यांचं बरं चालतं. मग मी सांगते की रात्रीला मात्र ॲट लागतं, ॲट नाइट, आणि सगळे वैतागतात.

“का?” आप्पांनी विचारलं.

“तशी रीत आहे.”

“सकाळला इन आणि रातीला ॲट. दोनी काळ सारखंच लांब हायत की. उलट थंडीत रात जास्त लांब.”

“खरं आहे. पण तसंच म्हणतात. आणि मंडे मॉर्निंग असं दिवसाचं नाव आलं की पुन्हा ऑन. ऑन मंडे मॉर्निंग.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. “बाई, हे तुमी आत्ता तयार करून सांगताय का?”

क्लास हसला. मी हसले नाही, कारण ते विनोद करत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मी त्यांना आपल्या भाषेतून समजावलं. आपण सोमवारी म्हणतो, सकाळी म्हणतो, रात्री म्हणतो. एकच शेपूट तिन्हीकडं लावतो, आपल्याला विचार करावा लागत नाही. इंग्रजीत ते शेपूट तीन ठिकाणी वाटून दिलंय. म्हणून ज्याला मराठी येतं त्याला इथं ठेच लागते. आप्पांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “चिकोडीच्या एका मास्तरला फोन लावून इचारलं. त्यो बी रातीला ॲटच म्हणाला.”

म्हणजे माझी उलटतपासणी चालली होती. मला राग आला. पण आप्पा त्या दुसऱ्या क्लासवाल्याकडून आलेले नाहीत, हे त्यामुळं पक्कं झालं. त्याच्या माणसानं मला तपासलं नसतं, नुसतं उतरवून घेतलं असतं.

वेळ संपवून जागेच्या धड्यावर आलो तेव्हा आप्पांचं अंग पुढं झुकलं. आजवर मागं टेकून बसणारा माणूस बाकाच्या कडेला आला.

जागेला मी घराचं उदाहरण देते. घरावर पत्रा आहे, तिथं ऑन. घरात माणसं आहेत, भिंतींच्या आत, तिथं इन. आणि फोनवर कुणी विचारलं, कुठं आहेस, तर आपण म्हणतो घरी आहे. तेव्हा भिंती डोळ्यांपुढं नसतात. आपण अंगणात असू, मागं गोठ्यात असू, तरी घरीच. ते ॲट होम. घरी आणि घरात यांतला फरक मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो, फक्त तो फरक आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

“आमच्याकडं कन्नडमदी दोनीला मन्याग म्हणत्यात,” आप्पा म्हणाले. “मन्याग अदान म्हटलं की घरी बी त्येच, घरात बी त्येच.”

“मग तुम्हाला मराठीचा आधार आहे, तो धरा.”

“धरतो. आता बसचं सांगा.”

बसला ऑन आणि मोटारीला इन लागतं म्हटल्यावर त्यांचा संशय पुन्हा उसळला. मी म्हटलं, जिथं चढून उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं, तिथं ऑन. ऑन द बस, ऑन द ट्रेन. जिथं वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं, तिथं इन. इन द कार. त्यांना पटलं. त्या दिवशी चिकोडीला फोन गेला नाही.

पण वाक्यं करायला सांगितली की मी सावध व्हायचे. बाकीचे लोक स्वतःबद्दल बोलायचे. मी सकाळी शाळेत असते, मी रविवारी बाजारात जाते. आप्पांची सगळी वाक्यं ‘ही’ नाही तर ‘शी’ नं सुरू व्हायची. ही इज इन द रूम ॲट नाइट. शी इज ॲट होम ऑन संडे. शी इज नॉट ॲट होम इन द मॉर्निंग.

“आप्पा, स्वतःचं एक वाक्य करा की,” मी एकदा म्हटलं.

“मी कुठं असतो हे मला ठावं हाय,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, “तुझं खरं होतं. सुनेवर नजर आहे त्यांची. ती घरी असते की नसते, रात्री कुठं असते, एवढंच चाललंय.”

“सून कुठं असते त्यांची?”

“इंग्लंडात, असं ते बोलता बोलता म्हणाले. मुलगा, सून, सात वर्षांची नात.”

“मग इथं बसून कसली नजर?”

“फोनवरून होते की नजर. नातीला विचारायचं. पोर इंग्रजीच बोलते म्हणे, मराठी फार येत नाही. म्हणून हा क्लास.”

नवरा गिऱ्हाइकाकडं वळला. मला वाटलं आपण शिकवणं थांबवावं. कुणाच्या तरी घरात आग लावायला आपली विद्या वापरली जातेय, असा विचार येत राहिला. पण थांबवायला कारण काय सांगणार? माणूस वेळेवर येतो, नीट शिकतो, मान देऊन बोलतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच विषय काढला. मी शाळा, ऑफिस, बाजार असं एकेक घेत होते. आप्पांनी हात वर केला. आधी कधी केला नव्हता.

“हॉस्पिटल?”

“हॉस्पिटलला दोन्ही लागतात,” मी म्हटलं. “पण अर्थ बदलतो. समजा तुम्ही कुणाला भेटायला गेलात, किंवा तिथं कामाला आहात, किंवा औषध आणायला गेलात, तर ॲट द हॉस्पिटल. आणि तुम्ही आजारी आहात, ॲडमिट आहात, खाटेवर आहात, तर इन हॉस्पिटल. इंग्लंडात तर मधला ‘द’सुद्धा काढून टाकतात. नुसतं इन हॉस्पिटल म्हटलं की पेशंट.”

“कामाला असला तर?”

“ॲट द हॉस्पिटल. किंवा नुसतं ॲट वर्क.”

“कामाला असताना इन म्हटलं तर चालंल?”

“इमारतीच्या आत आहे एवढंच सांगायचं असेल तर इन द हॉस्पिटल म्हणता येईल. पण नुसतं इन हॉस्पिटल म्हटलं, तर ऐकणारा विचारेल, काय झालं त्याला?”

आप्पा मागं टेकले. पुढचा सगळा तास त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी बस स्टँडचं सांगितलं, एअरपोर्टचं सांगितलं, त्यांचं लक्ष नव्हतं. क्लास सुटला, सगळे जिना उतरून गेले, आप्पा बसूनच होते. मी ठरवलं की आज विचारून टाकायचं.

“आप्पा, राग मानू नका. तुम्ही सुनेवर पाळत ठेवताय का?”

त्यांनी दचकून बघितलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सुनंवर न्हाय, बाई. लेकावर.”

आणि मग ते बोलले. मुलगा तिकडं एका हॉस्पिटलमध्ये कामाला होता. डॉक्टर नाही, मशीनं दुरुस्त करायचं काम. दर रविवारी चेहरा दाखवून फोन करायचा. गेले काही आठवडे फोन येत होता, पण चेहरा दिसत नव्हता. कॅमेरा बिघडलाय म्हणायचा. आवाज बारीक येत होता. ड्युटी वाढलीय, हॉस्पिटलमध्येच आहे, नंतर बोलतो, असं म्हणून लवकर ठेवायचा. आक्काला, म्हणजे आप्पांच्या बायकोला, काही वाटलं नाही. तिला बीपीचा त्रास आहे, तिला आप्पांनी काही वाटू दिलं नाही.

“एकदा नातीला फोन लागला,” ते म्हणाले. “तिच्या टॅबवर. मी इचारलं, पापा? ती कायतरी म्हणाली आणि शेवटाला हॉस्पिटल म्हणाली. मागं एकदा तिनं असंच सांगितलेलं, ॲट वर्क. ह्या वेळी हॉस्पिटलच्या आधी बारकासा शब्द आला आणि त्यो वेगळा वाटला. गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोराला इचारलं. त्यो म्हणाला, इन काय आणि ॲट काय, हॉस्पिटलमदीच की आप्पा, कामाला न्हाय का तिथं. मला पटलं न्हाय.”

“म्हणून तुम्ही इथं आलात.”

“व्हय. मराठीत इचारून कायबी उपेग न्हाय. हॉस्पिटलमदी हाय म्हटलं की कामाला बी त्येच, खाटंवर बी त्येच. तो मराठीतनं बोलतोय आणि मराठीतनं लपवतोय.”

मी खुर्ची ओढून त्यांच्यापुढं बसले. इतके दिवस मी या माणसाकडं कशा नजरेनं बघत होते ते मला आठवत होतं, पण त्यावर बोलण्याची ती वेळ नव्हती.

“ती नक्की इन म्हणाली का?” मी विचारलं.

“तेच तर. माझं कान म्हातारं. आणि ती बोलती भराभर. आज तुमी सांगितलं तवापास्नं मला वाटतंय इनच म्हणाली. पण वाटण्यावर कसं जायचं? रविवारी मी इथनं फोन लावतो. तुमी निस्तं ऐका.”

मला ते बरं वाटलं नाही. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडून घरातली गोष्ट काढून घ्यायची, आणि तीही परक्या बाईनं कान लावून. “सरळ मुलाला विचारा ना,” मी म्हटलं.

“इचारलं. तो हसला. आप्पा, तुमचा संशयी स्वभाव काय जात न्हाय म्हणाला.”

“आणि पोर चुकूनही बोलली असेल.”

“तिकडंच जल्मली ती. रातीला ॲट का म्हणायचं हे तिला कुणी शिकवायला लागत न्हाय. ती चुकंल व्हय?”

मी तयार झाले. तरी मी म्हटलं, “तुम्ही खोदून विचारायचं नाही. आई-बापांनी काय सांगितलं, काय लपवलं, असलं काही नाही.”

“तुमी शिकवलंय तेवढंच इचारीन. कुठं आणि कधी.”

रविवारी दुपारी ते आले. इथली दुपार म्हणजे तिथली सकाळ. नवऱ्यानं दुकान अर्धं बंद केलं होतं, तो जिन्यात येऊन उभा राहिला आणि मी खूण केल्यावर परत खाली गेला. आप्पांनी फोन बाकावर ठेवला, आवाज मोठा केला. मी फोनसमोर येणार नाही अशी बाजूला बसले.

पोरीनं लगेच उचलला. गोल चेहरा, पुढचे दोन दात नसलेले. मागचे पडदे आप्पांच्या ओळखीचे नव्हते, हे त्यांच्या बघण्यावरून कळलं.

“अज्जा!”

“बाळ, व्हेअर आर यू?” आप्पांनी विचारलं. एकेक शब्द वेगळा, जसा मी शिकवला होता.

ती शेजारच्या आंटीच्या घरी होती. ॲट आंटीज हाउस. तिथं कुत्रा होता, तो तिनं दाखवला. कुत्रा सोफ्यावर होता, ऑन द सोफा, आणि आंटीला ते आवडत नाही. आप्पा सगळं ऐकत होते.

“व्हेअर इज मम्मी?”

“मम्मी इज ॲट द हॉस्पिटल.”

हे ऐकून आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. ॲट होतं, स्पष्ट. मला क्षणभर हायसं वाटलं. पोर दोघांनाही सारखंच म्हणत असेल, तर प्रश्न मिटला.

“ॲन्ड पापा?”

“पापा इज इन हॉस्पिटल.”

तिनं ते अगदी सहज म्हटलं, त्याच दमात, एका वाक्याला लागून दुसरं. एकाच जागेबद्दल बोलताना तिनं आईला एक शब्द लावला आणि बापाला दुसरा. आईच्या वेळी ‘द’ होता. बापाच्या वेळी नव्हता. यापेक्षा साफ मला काहीही ऐकायला मिळालं नसतं. मी मान खाली घातली. आप्पांना माझ्या कानांची गरज राहिली नव्हती, त्यांनी ऐकलं होतं.

तरी त्यांनी आणखी विचारलं. “ऑन संडे?”

“येस, ऑन संडे.”

“ॲट नाइट?”

“ॲट नाइट टू. मम्मी कम्स होम ॲट नाइट. पापा डझन्ट.”

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. आता पुरे, हे त्यांनी ओळखलं. “गुड गर्ल,” ते म्हणाले. “डॉगला गुड बाय सांग,” आणि हसून फोन ठेवला. ते हसणं त्यांनी कुठून आणलं मला माहीत नाही.

खाली नवरा गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवत होता, त्याचा आवाज येत होता.

“इनच म्हणाली न्हवं?” आप्पांनी विचारलं.

“इन म्हणाली, आप्पा.”

“आणि सुनंला ॲट.”

“हो.”

त्यांनी सुनेला फोन लावला. मी उठून जायला लागले तर हातानं बस म्हणाले. सुनेनं उचलायला वेळ लावला. मागं चाकांचा आवाज, कुणीतरी इंग्रजीत कुणाला तरी हाक मारत होतं.

“पोरी,” आप्पा म्हणाले, “तू कुठं हाईस?”

“कामात आहे हो आप्पा, नंतर करू का?”

“तू त्याच्याजवळ हाईस. आणि तो ड्युटीवर न्हाय. तो खाटंवर हाय.”

चाकांचा आवाज मागं पडला, ती बाजूला गेली असावी. मग ती रडायला लागली. आवाज न करता रडणारी बाई असावी, कारण नुसता श्वास ऐकू येत होता.

“रडू नको. मी वरडणार न्हाय. काय झालंय तेवढं सांग.”

तिनं सांगितलं. मशीन बघायला शिडीवर चढला होता, शिडी सरकली, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. जखमेत पू झाला, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. मधे काही दिवस डॉक्टरांचीही खात्री नव्हती. आता ताप उतरला होता. आईच्या बीपीमुळं मुलानंच सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. “उभं राहता आल्यावर सांगणार होतो,” ती म्हणाली. “उभं राहून, कॅमेरा लावून.”

“त्याला दे.”

मुलाचा आवाज आला. आप्पांनी सांगितला होता तसाच बारीक.

“आप्पा.”

“खोटं का बोललास रं?”

“खोटं कुठं बोललो?” तो म्हणाला. “हॉस्पिटलमध्येच आहे म्हणून सांगितलं. तेवढं खरंच होतं.”

आप्पांनी फोन जवळ ओढला. मग एकदम त्यांच्या घशातून आवाज आला. मला वाटलं खोकला, पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत असताना. “हाय की,” ते म्हणाले. “हॉस्पिटलमदीच हाईस. कॅमेरा लाव आता. बघू दे.”

मी उठले आणि खाली गेले.

आक्काला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. कसं सांगितलं ते मला नंतर कळलं. आधी पोराला कॅमेऱ्यावर आणून तिला दाखवलं, तो बोलतोय, हसतोय, उशाला टेकून बसलाय. आणि मग म्हणाले, हा खाटंवर हाय, पण आता बरा हाय. तिचं बीपी वाढलं. एक दिवस तिला झोपवून ठेवावं लागलं. आप्पांवर ती मुलापेक्षा जास्त चिडली. म्हणाली, मला न सांगता एकटं क्लासला जात होतासा, निपाणीला सोसायटीत काम हाय म्हणून सांगत होतासा. तेव्हा मला कळलं की घरी त्यांनीही थापच मारली होती.

आठेक दिवस ते आले नाहीत. मला एकच गोष्ट खात होती. पोरीला बोलणी बसली असतील का? तिनं काही फोडलं नव्हतं. तिला जे दिसलं ते तिनं नीट इंग्रजीत सांगितलं होतं. पण मोठी माणसं अशा वेळी लहानांवरच राग काढतात, हे मी शाळेत रोज बघते.

आप्पा परत आले तेव्हा मी हेच विचारलं.

“न्हाय,” ते म्हणाले. “तिला कुणीच कायबी बोललं न्हाय. मी इचारलं सुनंला, पोरीला लपवायला सांगितलं नव्हतंसा का? ती म्हणाली, नव्हतं. कशाला सांगायचं? तिला मराठी येत न्हाय, आणि अज्जाला इंग्रजी येत न्हाय.” ते थांबले. “माझं इंग्रजी कच्चं, ह्याच्यावरच भरवसा होता त्यांचा, बाई.”

मी त्यांना चहा मागवला.

चहा पिता पिता त्यांनी मुलाचं सांगितलं. वॉकर धरून वॉर्डात फिरतोय. पुढच्या आठवड्यात घरी सोडतील असं म्हणतायत.

“असं म्हणतायत?” मी विचारलं.

“तसंच म्हणालो मी बी. म्हणतायत म्हंजे कोण म्हणतंय? डॉक्टर का तूच? मग त्यानं डॉक्टरलाच फोनवर घेतलं. ती बाई लई सावकाश बोलली माझ्यासाठी. होम ऑन थर्सडे म्हणाली. ऑनच म्हणाली, मी दोनदा म्हणायला लावलं.”

आप्पांनी कप बाकाखाली सरकवला, वर्गात इतरांना जागा करून दिली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि शेजारच्या मुलीकडं एक कोरा कागद मागितला.